भाड्याच्या गाडीचा हिशेब

निवृत्तीच्या पैशांतून गाडी घेऊन विमानतळ, लग्नसराई व बाहेरगावच्या भाड्याला लावावी, असे कित्येक कामगार बंधू आमच्याजवळ बोलून दाखवतात. त्यांनी आधी एका फेरीचा हिशेब मांडावा.

पुण्याहून मुंबई विमानतळ, जाऊन-येऊन सुमारे 300 किलोमीटर. दर 12 रुपये धरला तर 3600 रुपये. टोल, पार्किंग गिऱ्हाइकाचे. डिझेलला सुमारे 1800 जातात. उरलेले 1800 कमाई समजली जाते, आणि चूक इथेच होते. नऊ लाखांची गाडी दोन लाख किलोमीटरनंतर तीन लाखांना विकली, तर किलोमीटरमागे 3 रुपये झिजले. या फेरीत 900. टायर-सर्व्हिसिंगचे दीड रुपयाने 450. राहिले 450. त्यातूनच विमा, कर, परवाना आणि रात्रीच्या जागरणाची मजुरी!

खासगी गाडीचा विमा स्वस्त, म्हणून कुणी पांढऱ्या पाटीचीच गाडी वऱ्हाडाला देतो. त्या पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. अपघातानंतर भाडे घेतल्याचे सर्व्हेअरला कळले की दावा अडतो. परवान्याविना भाडे मारणे 1988 च्या मोटार वाहन कायद्याने गुन्हाच आहे. आणि टूरिस्ट परवाना काढला, तरी परतीच्या वाटेवर सुटी सवारी भरता येत नाही. म्हणून रिकाम्या परतीचे किलोमीटर दर ठरवतानाच धरावे लागतात.