टीव्हीला दिलेली संमती परत घ्या

नवा टीव्ही घरी आला की दुकानातून तो बसवायला एक मुलगा येतो. भिंतीला ड्रिल मारतो, स्टँड ठोकतो, वायफायचा पासवर्ड विचारतो आणि पडद्यावर इंग्रजी मजकुराची चार-पाच पानं आली की रिमोटचं बटण दाबत सगळी मान्य करून टाकतो. त्याला अजून माळनाक्याला दुसरा टीव्ही बसवायचा असतो. आपण तोवर त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेलेलो असतो. ती पानं म्हणजे टीव्हीच्या कंपनीला तुमच्या नावानं दिलेल्या परवानग्या असतात, आणि त्या तुम्ही वाचलेल्या नसतात.

रत्नागिरीतल्या घराघरांना माझं सांगणं आहे की एक निवांत दुपार काढा आणि त्या परवानग्या परत घ्या. आधी पाहण्याची नोंद, मग आवाज, मग कॅमेरा, याच क्रमानं. लोकांना भीती कॅमेऱ्याची वाटते, पण आपल्याकडच्या बहुतेक टीव्हींना कॅमेरा नसतोच. खरी गोष्ट पडद्याचीच आहे.

अनेक स्मार्ट टीव्हींत एक सोय असते, तिचं नाव एसीआर. टीव्ही स्वतःच्याच पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे बारीक नमुने घेतो, त्यांचा आकड्यांत एक ठसा बनवतो आणि तो कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. तिथे वाहिन्या, सिनेमे, जाहिराती यांच्या ठशांचा साठा असतो. जुळणी झाली की कळतं, या घरात आत्ता अमुक वाहिनीवर अमुक कार्यक्रम चालू आहे. लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिदच्या संशोधकांनी 2024 मध्ये सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही ब्रिटन आणि अमेरिकेत तपासले. एलजीचा टीव्ही साधारण दर पंधरा सेकंदांनी आणि सॅमसंगचा दर मिनिटाला असे ठसे पाठवत होता.

त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. टीव्हीला बाहेरून एचडीएमआय वायर जोडून काही दाखवलं, तरी ठसे जातच होते. आपल्याकडे कित्येक घरांत केबलचा किंवा डिशचा सेट टॉप बॉक्स याच वायरनं जोडलेला असतो. "आम्ही टीव्हीवर इंटरनेट वापरतच नाही, साधी केबल बघतो," असं म्हणणाऱ्या घरालाही हे लागू पडतं. टीव्ही एकदा वायफायला जोडलेला असला की पुरे. गणपतीत मुंबईहून आलेला मुलगा त्याच वायरनं लॅपटॉप लावून ऑफिसची मीटिंग मोठ्या पडद्यावर बघतो, तेव्हाही नमुने घेणं चालूच राहू शकतं. त्याची मीटिंग किंवा तुमच्या घरातल्या लग्नाचा व्हिडिओ कुणाच्या साठ्यात नसल्यामुळे ओळखू येणार नाही, हेही खरं. उगाच घाबरवायचं नाही. पण रोज दुपारी कुठली मालिका लागते, रात्री कुठल्या पक्षाकडे झुकणारी बातम्यांची वाहिनी चालते, मधुमेहावरचा कार्यक्रम कुणी लावला, याची यादी वर्षभरात चांगली लांब होते.

यादीचं पुढे काय होतं, ते अमेरिकेत उघड झालं. व्हिझिओ नावाच्या कंपनीनं 1 कोटी 10 लाख टीव्हींतून सेकंदासेकंदाची नोंद घेतली आणि घराच्या इंटरनेट पत्त्याच्या आधारे तिला वय, उत्पन्न, लग्न झालंय की नाही अशी माहिती जोडून ती विकली, असा तिथल्या सरकारी आयोगाचा आरोप होता. 2017 मध्ये कंपनीनं 22 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

आपल्याकडे टीआरपी मोजणारी बार्क संस्थाही घरांतच मोजते. पण ती निवडक घरांत मीटर बसवते, घरच्यांना विचारून, आणि कोण बघतंय ते सांगायला प्रत्येकाला वेगळं बटण असतं. तुमच्या बाबतीत विचारणा झाली, पण उत्तर ड्रिलवाल्या मुलानं दिलं.

आता रिमोट हातात घ्या. नाचणे रोडच्या एखाद्या फ्लॅटमधला सॅमसंगचा टीव्ही समजू. `Settings` मधून `All Settings`, तिथे `General & Privacy`, मग `Terms & Privacy` आणि त्यात `Privacy Choices` उघडा. `Viewing Information Services` समोरची खूण काढा. एसीआर म्हणजे हेच. नाव असं साळसूद ठेवलंय की कुणाला संशय येऊ नये. तिथेच `Interest-Based Advertisements` आणि `Voice Recognition Services` दिसतील, त्यांच्याही खुणा काढा. एलजीच्या टीव्हीत `General` किंवा `Support` च्या भागात `Live Plus` शोधून बंद करा आणि `User Agreements` मध्ये `Viewing Information` वरची मान्यता काढा. गूगल टीव्ही असलेल्या सेटमध्ये `Settings` मधल्या `Privacy` त जाऊन `Usage & Diagnostics` बंद करा, `Ads` मध्ये जाहिरातींची ओळख पुसा. सोनीच्या काही टीव्हींत `Samba Interactive TV` हे वेगळं नाव असतं. मॉडेल आणि वर्षाप्रमाणे पायऱ्या थोड्या बदलतात, पण शोधायचे शब्द हेच.

खुणा काढताना टीव्ही बजावतो की काही सोयी चालणार नाहीत. सेट टॉप बॉक्सच्या वाहिन्या, यूट्यूब, सिनेमे यांना काही होत नाही. जातात त्या शिफारशी आणि बोलून शोधण्याची सोय.

आवाजाचं दोन तऱ्हांचं असतं. रिमोटमधला माइक सहसा बटण दाबलं तरच ऐकतो. ते बटण दाबू नका, विषय संपला. दुसरा माइक खुद्द टीव्हीत असतो आणि नावानं हाक मारली की जागा होतो, म्हणजे हाकेसाठी तो कान देऊनच बसलेला असतो. अशा बऱ्याच टीव्हींच्या खालच्या कडेला बारीकसं सरकतं बटण असतं, बोटानं चाचपून बघा. ते सरकवलं की माइक बंद. बटण नसेल तर सेटिंगमध्ये `Voice Wakeup` सारखं नाव शोधा. सॅमसंगनंच 2015 मध्ये आपल्या धोरणात लिहिलं होतं की टीव्हीसमोर बोललेलं खासगी काही असेल तर तेही टिपलं जाऊन दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकतं. त्यावर गदारोळ झाल्यावर ते शब्द बदलले.

कॅमेरा असेल तर वरच्या कडेला गोल काच दिसते किंवा दाबल्यावर वर येणारा तुकडा असतो. तो आत ढकलून ठेवा. यूएसबीचा वेगळा कॅमेरा असेल तर नातवंडांशी बोलून झालं की वायर काढा. काच बुजवता येत नसेल तर वर काळी चिकटपट्टी लावा. अमेरिकेच्या एफबीआयच्या पोर्टलँड कार्यालयानंही 2019 मध्ये हेच सुचवलं होतं.

एवढं करून काय थांबत नाही, तेही सांगतो. यूट्यूब किंवा सिनेमांची ॲप्स आपापली नोंद ठेवतात, ती त्या त्या खात्यात जाऊनच बंद करावी लागते. आधी गेलेली माहिती नुसती खूण काढून परत येत नाही. टीव्ही रीसेट केला की मान्यतेची पानं पुन्हा येतात, त्या वेळी रिमोट तुमच्याच हातात असू द्या. मोठ्या सॉफ्टवेअर अपडेटनंतरही त्या खुणा एकदा बघून घ्या. ब्रिटन-अमेरिकेतल्या त्या तपासणीत खुणा काढल्यावर ठसे जाणं खरोखर थांबलं होतं. तुमच्या घरी खात्री करायची असेल, तर राउटरची नोंद वाचता येणाऱ्या भाच्याला बसवा. टीव्हीकडून जाणाऱ्या पत्त्यांत `acr` ही अक्षरं अजून दिसतात का, ते तो सांगेल.

कायदाही तुमच्या बाजूला येतो आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती काढून घेणं ती देण्याइतकंच सोपं असायला हवं. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर चार मेनू खाली उतरून जावं लागणार.

आणि घरात फक्त केबलच बघणारे आई-वडील असतील, तर इतकं काही करू नका. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन वायफाय तोडा आणि पासवर्ड विसरायला सांगा. वाहिन्या आहेत तशा दिसत राहतील.