विचारलं तरच सांगायचं

गेल्या महिन्यात मी सकाळपासून दुपारपर्यंत वीस वेळा आजारी पडले. दर दहा मिनिटांनी दारावरची घंटा वाजे, पांढरा कोट घातलेला एक नवा मुलगा किंवा मुलगी आत येई आणि मी पहिल्यापासून सांगू लागे, "डॉक्टर, महिना झाला, जिना चढले की छातीत आवळल्यासारखं होतं."

वाचकहो, घाबरू नका. माझी छाती ठणठणीत आहे. आमच्या शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाला परीक्षेसाठी 'रुग्ण' हवे होते. रुग्णाशी बोलून त्याच्या आजाराची हकीकत नीट काढून घेता येते की नाही, याची ती परीक्षा. शेजारच्या डॉक्टरीणबाई तिथे शिकवतात. त्यांनी विचारले आणि मी, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि शिकवण्या घेणाऱ्या एक बाई असे तिघे तयार झालो. मला वाटले, त्यात काय शिकायचे? जन्मभर आजारी माणसे पाहिली आहेत, थोडे कण्हायचे झाले! प्रत्यक्षात तीन दिवस, रोज दोन-अडीच तास आमची तालीम चालली.

या पद्धतीच्या रुग्णाला 'प्रमाणित रुग्ण' म्हणतात. कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज नावाच्या मज्जारोगतज्ज्ञांनी १९६३ साली एका निरोगी स्त्रीला पाय लुळे पडलेल्या रुग्णाचे काम शिकवले आणि विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. त्यामागचा एक अनुभव त्यांनी पुढे सांगितला आहे. परीक्षेला बसवलेला एक खराखुरा रुग्ण त्यांना म्हणाला, की एक परीक्षार्थी माझ्याशी उर्मटपणे वागला, म्हणून मी त्याला मुद्दाम वेगळीच लक्षणे दाखवली! म्हणजे परीक्षा कुणाची झाली? डॉक्टरची की रुग्णाच्या मर्जीची? पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी छोट्या छोट्या थांब्यांची, घंटेवर चालणारी परीक्षा मांडली. त्या थांब्यांवर असे शिकवलेले रुग्ण बसवणे सोयीचे ठरले.

आमच्या वाट्याला आलेल्या बाईचे कागदावरचे नाव शालिनीबाई. वय बावन्न. पोस्टमास्तरांसाठी त्याच बाईचे शालिग्रामराव केले होते, बाकी सारे तेच. कागदाचे तीन भाग होते. पहिल्या भागात फक्त एक वाक्य, सुरुवातीचे. विद्यार्थ्याने "काय त्रास होतो?" असे विचारले की तेवढेच बोलायचे आणि थांबायचे. दुसऱ्या भागात, "आणखी सांगा" असे कुणी मोकळेपणाने म्हटले तर सांगायच्या दोन गोष्टी: दुखणे छातीच्या मध्यभागी असते, आणि उभे राहिले की पाचेक मिनिटांत थांबते. तिसरा भाग सगळ्यांत मोठा. त्यातले काहीही, नेमके विचारल्याशिवाय सांगायचे नाही.

या तिसऱ्या भागात काय होते पाहा. कळ डाव्या हातात आणि जबड्यात जाते. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, पण गोळ्या मधूनमधून चुकतात. वडील चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. शालिनीबाई रोज सकाळी मिश्री लावतात. आणि गेल्या मंगळवारी रात्री, अंथरुणात पडलेल्या असताना, काहीही श्रम नसताना तसेच दुखले, चांगली दहा मिनिटे.

ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. श्रमाने दुखणारी आणि थांबले की थांबणारी छाती ही एक गोष्ट, पण तेच दुखणे विश्रांतीत येऊ लागले तर आजाराने वळण घेतले आहे असे समजून रुग्णाला लगेच रुग्णालयात पाठवावे लागते. ज्याने "स्वस्थ बसल्यावर किंवा झोपेत कधी दुखलं का?" हे विचारले नाही, तो शालिनीबाईंना पुढच्या आठवड्यात कार्डिओग्रामला बोलावून घरी पाठवणार.

पहिला दिवस शब्दांत गेला. मी सहज म्हणून गेले, "छातीत जळजळतं." डॉक्टरीणबाईंनी तिथेच थांबवले. "जळजळ म्हटलंत की मुलं पित्ताकडे जाणार. 'टोचतं' म्हटलंत तर भलतीकडेच जातील. तिघांनीही 'आवळल्यासारखं' हाच शब्द वापरायचा, आणि मूठ छातीच्या मधोमध ठेवायची. बोटानं जागा दाखवायची नाही." साध्या शब्दाने निदान बदलते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

मिश्रीवरूनही वाद झाला. पोस्टमास्तरांच्या शालिग्रामरावांकडे मिश्रीच्या जागी तंबाखूची चिमूट होती. त्यांनी विचारले, "मुलानं 'सिगारेट ओढता का' असं विचारलं, तर मी तंबाखूचं सांगायचं ना?" उत्तर मिळाले, "नाही. तुम्ही सिगारेट ओढत नाही, तेवढंच सांगा. 'काही व्यसन आहे का' विचारलं तरी 'नाही' म्हणा, कारण अशी माणसं त्याला व्यसन समजत नाहीत. 'तंबाखू खाता का, मिश्री लावता का' असं विचारलं तरच 'हो'." आपल्याकडच्या कितीतरी बायका डॉक्टरांपुढे अगदी अशाच खऱ्या बोलतात आणि मिश्री मात्र राहून जाते.

दुसऱ्या दिवशी आम्हा तिघांना एकामागून एक बसवून एकाच तरुण डॉक्टरने अगदी तेच पंधरा प्रश्न विचारले. इतर दोघे पाहत होते आणि यादीवर खुणा करत होते. उत्तरे जुळतात का, हे पाहायचे होते. तीन ठिकाणी जुळली नाहीत. शिकवणीच्या बाई शिक्षिकाच. प्रश्न अर्धवट असला तरी पूर्ण उत्तर देत. पोस्टमास्तर काटेकोर, ते सरळ प्रश्नालाही "हं" एवढेच म्हणत. आणि मी कागदात नसलेली पाठदुखी जोडली, कारण ती माझी स्वतःची होती! कागदावर नसलेले काही विचारले तर "तसं काही जाणवलं नाही" एवढेच म्हणायचे, असा नियम मग ठरला. तिन्ही जागा दुरुस्त करून पुन्हा तेच पंधरा प्रश्न झाले, आणि उत्तरे जुळेपर्यंत आम्हाला सोडले नाही.

शालिनीबाईंच्या मनात एक गोष्ट लपलेली होती. पुढच्या महिन्यात मुलीचे लग्न, आणि डॉक्टर आत्ताच भरती करतील ही धास्ती. ती केव्हा बाहेर काढायची? "तुम्हाला कशाची काळजी वाटते?" असे विचारले तर. किंवा मी खाली पाहून "आत्ता आजारी पडून चालायचं नाही" असे म्हणेन, तेव्हा विद्यार्थी गप्प राहून वाट पाहील तर. किती वाट? मनात तीन अंक मोजेपर्यंत. त्याआधीच त्याने पुढचा प्रश्न टाकला, तर ती धास्ती पोटातच ठेवायची.

तालमीच्या तिसऱ्या दिवशी माझी खरी चूक झाली. सरावासाठी दुसऱ्या वर्गातली चार मुले आणली होती. तिसरा मुलगा परप्रांतातला, मराठी तोडकेमोडके, कपाळावर घाम. शब्द सापडेना, कागद हातातून पडला. मला माझा धाकटा भाचा आठवला. तो "रात्री..." एवढेच म्हणून अडखळला, आणि मी बोलून गेले, "हो ना, मंगळवारी रात्री झोपेतच दुखलं मला!" त्याचा चेहरा उजळला. मलाही बरे वाटले.

घंटा झाल्यावर डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, त्याच्या आधीच्या मुलीला तुम्ही हे सांगितलंत का?"

"तिनं विचारलंच नाही."

"त्यानंही विचारलं नव्हतं. वीस गुणांत या एका प्रश्नाला दोन गुण आहेत. ते तुम्ही त्याला दिलेत, तिला नाही. ती धीट होती आणि तो गरीब दिसत होता, एवढाच फरक."

मी गप्प बसले. पण त्यांचे बोलणे संपले नव्हते. "आणि त्याचं तरी भलं झालं का? वर्षभरानं रात्रपाळीला त्याच्यापुढे खरी बाई बसेल. ती अशी अर्ध्या शब्दावर सांगणार नाही. त्याला इथंच कळू दे, की आपण हा प्रश्न विसरतो."

मला ते लागले. माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या आजारात त्या डॉक्टरांना म्हणाल्या होत्या, "बरं आहे हो सगळं." त्यांनी पुढे विचारले नाही, आणि आम्हीही मध्ये बोललो नाही.

प्रत्यक्ष परीक्षेला साठ विद्यार्थी होते. आम्हा तिघांकडे वीस-वीस. आठ मिनिटे बोलणे, दोन मिनिटे बदलाबदल, आणि दहाव्या मुलानंतर वीस मिनिटांची विश्रांती. ही विश्रांती चैनीसाठी नव्हती. बाराव्या-तेराव्या वेळी माणूस कंटाळतो, उत्तरे आखूड होतात किंवा तोंडपाठ म्हटल्यासारखी येतात, आणि शेवटच्या मुलांवर अन्याय होतो. म्हणून डॉक्टरीणबाई मध्येच येऊन एकेक फेरी उभ्याने ऐकून जात. माझ्याही बाबतीत सतराव्या मुलीच्या वेळी त्यांनी खूण केली. आवाज वर गेला होता, शालिनीबाई चिडक्या झाल्या होत्या.

परीक्षक यादी भरत होते. मी फक्त वीसपैकी दोन गुण द्यायचे होते: माझे बोलणे मध्येच तोडले का, आणि मला समजेल अशा भाषेत विचारले का. बाकीचा विचार माझा नव्हे, हेही तालमीतच शिकवले होते.

शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून चहा दिला आणि प्रत्येकाने आपले खरे नाव, घरचा पत्ता आणि आज रात्री काय स्वयंपाक आहे ते मोठ्याने सांगितले. मला हसू आले. पण शिकवणीच्या बाईंना पुष्कळ वेळ छातीवरची मूठ सोडवेना. त्यांचे यजमान हृदयविकारानेच गेले होते, आणि हे त्यांनी निवडीच्या वेळी सांगितले नव्हते. डॉक्टरीणबाई त्यांच्याजवळ बराच वेळ बसल्या. "अशी घटना घरात घडली आहे का, हे मीच सुरुवातीला स्पष्ट विचारायला हवं होतं," असे त्या मला जाताना म्हणाल्या.

माझ्या वीस मुलांपैकी मंगळवारच्या रात्रीपर्यंत पोचली अकरा. नऊ जणांना मी काहीच सांगितले नाही. त्यातल्या दोघांचे चेहरे तर अगदी माझ्या भाच्यासारखे होते.