दोष यंत्राचा की मांडीचा?

घरचं बीपीचं मशीन भरवशाचं नसतं, असं ठासून सांगणाऱ्यांना मी एकच विचारतो : मोजताना हात कुठे होता? बहुतेकांचा मांडीवर असतो. दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीखाली गेला की मधल्या रक्ताचा भार आकड्यात मिसळतो. दहा सेंटिमीटरला जवळजवळ आठ मिलिमीटर. जॉन्स हॉपकिन्सच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टेबलावर टेकलेल्या हाताच्या तुलनेत मांडीवरच्या हाताचा वरचा दाब सरासरी ४ मिलिमीटरने, तर लोंबत्या हाताचा ६.५ ने जास्त आला. यंत्राने त्या जागचा दाब बरोबरच मोजला होता. जागा चुकली होती.

यावर एक चतुर युक्तिवाद असतो : चूक रोज तीच असेल, तर चढउतार तरी कळतोच ना? पण चूक रोज तीच नसते. आज हात मांडीवर, उद्या सोफ्याच्या हातावर. शिवाय निदान चढउतारावर होत नाही, रेषेवर होतं, आणि घरच्या मोजणीत ती १३५/८५ ला धरतात. रेषेजवळच्या माणसाला चार मिलिमीटर म्हणजे गोळी सुरू होणं किंवा न होणं.

पट्ट्याचं तर कोणी नावच काढत नाही. समजा, एका गृहस्थांच्या दंडाचा घेर खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर ३६ सेंटिमीटर आहे आणि खोक्यातल्या पट्ट्यावर २२–३२ छापलंय. पट्टा ओढूनताणून बसतो, म्हणून त्यांना तो चालतो. पण आतला फुगा दंडाच्या घेराच्या निदान पाऊण भागाला वेढणारा हवा. आखूड असला तर धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा फुगतो. मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधला, तेव्हा २०२३ च्या एका चाचणीत वरचा दाब सरासरी ५ ने जास्त दिसला. अतिमोठा लागणाऱ्यांत तब्बल १९.५ ने. आपल्या गृहस्थांना १३८ दिसला तर ते रेषेच्या अलीकडे की पलीकडे? सांगता येणार नाही. पाच वजा करूनही नाही, कारण ती सरासरी आहे, त्यांचा दंड नव्हे. त्याच यंत्राला जुळणारा मोठा पट्टा घ्यावा, एवढाच इलाज.

पाच मिनिटांच्या विश्रांतीला मात्र काही जण कर्मकांड म्हणतात, आणि त्यात थोडं तथ्य आहे : वरचा दाब १४० च्या खाली असणाऱ्यांत विश्रांती कमी केल्याने फारसा फरक पडत नाही, असं एका अभ्यासात दिसलं. पण आपला दाब कुठे आहे हे मोजण्याआधी कळणार कसं? म्हणून पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून, न बोलता पाच मिनिटं बसावं. मोबाइलही दूर. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत, आवडलेला एकच नव्हे.