व्हिजिटिंग कार्डावर किती कामे लिहावीत?

गेल्या काही महिन्यांत परीक्षा उत्तीर्ण होऊन स्वतःचा व्यवसाय सुरू करणारे बरेच ऊर्जा लेखापरीक्षक भेटले. त्यांच्या कार्डांवर हॉटेल, रुग्णालय, दूध संघ, शीतगृह, साखर कारखाना, सौर, हार्मोनिक्स, पॉवर फॅक्टर असे सगळे असते. मीही अशाच कार्डाने सुरुवात केली होती. पहिल्या वर्षी सात ठिकाणी ऑडिट केले आणि सातही अहवाल कपाटात गेले. प्रत्येक ठिकाणी यंत्रे नवी, त्यामुळे मी चार दिवस शिकण्यात घालवायचो आणि पाचव्या दिवशी पुस्तकातल्या शिफारशी लिहायचो. मालकाला ते कळत होते.

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 सालचा आहे. त्याखाली ज्या मोठ्या उद्योगांवर ऑडिटची सक्ती आहे, ते काम मान्यताप्राप्त आणि अनुभवी संस्थांकडे जाते. नव्या माणसाकडे येतो तो छोटा कारखानदार. त्याच्यावर सक्ती नसते. तो पैसे देतो ते फक्त पैसे वाचले तर. म्हणून क्षेत्र निवडताना "मला काय येते" याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: असा कोणता दोष आहे जो एका दिवसात मोजता येतो, महिन्याभरात दुरुस्त होतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उद्भवतो?

मला हे उत्तर कोल्हापूरच्या फाउंड्रीत सापडले. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या वसाहतींत एकमेकांना ओळखणाऱ्या फाउंड्र्या शेजारी-शेजारी आहेत. त्यांच्या वीजबिलात सर्वांत मोठा वाटा भट्टीचा, त्यामुळे सल्लागार भट्टीकडेच धावतात. मी कंप्रेस्ड एअर निवडली, आणि त्यातही फक्त गळती. मोल्डिंग मशीन, रॅमर, ग्राइंडर, साचा साफ करणारी ब्लोगन, सगळे हवेवर चालते. वाळूची धूळ होज घासते, कपलिंगचे वॉशर खाते. आज बंद केलेली गळती दिवाळीपर्यंत परत येते. ऑडिट एकदाच विकले जाते, पण अशा ठिकाणी दर तिमाहीला काम असते.

चाचणी सोपी आहे. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवायची, लाइनचे व्हॉल्व्ह उघडे ठेवायचे आणि कंप्रेसर चालू करायचा. हवा कोणी वापरत नसताना तो जितका वेळ लोडवर राहतो, तितकी गळती. माझ्या पहिल्या पायलट ग्राहकाकडे 45 किलोवॉटचा स्क्रू कंप्रेसर 40 सेकंद लोड आणि 80 सेकंद अनलोड चालत होता. एकूण 120 पैकी 40, म्हणजे कंप्रेसरच्या क्षमतेच्या एक तृतीयांश हवा वाया.

नवे सल्लागार नेमके इथेच चुकतात. 33 टक्के गळती म्हणजे 33 टक्के वीज वाचेल, असे ते मालकाला सांगून टाकतात. लोड-अनलोड कंप्रेसर अनलोड असतानाही वीज खातो. या यंत्रावर क्लॅम्प लावला तेव्हा लोडवर 48 आणि अनलोडवर 15 किलोवॉट दिसले. गळती बंद केल्यावर वाचतो तो फक्त या दोहोंतला फरक, 33 किलोवॉट, आणि तोही तेवढ्या वेळापुरता. सगळी गळती कधीच बंद होत नाही. आम्ही 33 वरून 12 टक्क्यांवर आलो. म्हणजे 21 टक्के वेळ, दर तासाला सुमारे 7 युनिट. दोन पाळ्या, 300 दिवस, 4,800 तास धरले की वर्षाला 33,000 युनिट. आठ रुपये दराने साधारण 2 लाख 65 हजार. मालकाला हाच आकडा सांगितला आणि कंप्रेसरला वेगळा मीटर लावून दाखवला. तो मीटर नसता तर भट्टीच्या युनिटांत आमची बचत दिसलीच नसती. त्या महिन्यात त्यांनी कास्टिंग जास्त काढले होते आणि एकूण बिल वाढलेच होते.

पायलटसाठी मी तीनच फाउंड्र्या घेतल्या. नात्यातली एकही नाही, आणि फुकट एकही नाही. फी 18,000 ठेवली. फुकट काम घेतले की सुट्टीच्या दिवशी कंप्रेसर चालू करायला माणूस मिळत नाही, हे आधीच्या वर्षी अनुभवले होते. सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवले: तिघांपैकी दोघांनी दुसऱ्या तिमाहीचे 12,000 दिले तर हे क्षेत्र धरायचे, नाहीतर सोडायचे. गळती सापडणार हे मला ठाऊकच होते, ती सगळीकडे सापडते. पायलटने सांगायचे होते ते एवढेच, की मालक दुसऱ्यांदा पैसे देतो का.

पहिल्याने दिले. दुसऱ्याकडे 15 किलोवॉटचा कंप्रेसर होता आणि एकच पाळी. तिथे गळती 20 टक्क्यांनी कमी करूनही दर तासाला सव्वादोन युनिटच वाचले, म्हणजे वर्षाला साधारण 43,000 रुपये. माझी चार तिमाह्यांची फी होती 48,000. तो माणूस खूश होता, चहा पाजून दुसऱ्या तारखेचे बोलत होता. पण हा हिशेब मीच त्याच्यासमोर मांडला आणि त्याच्या फिटरला साबणाच्या पाण्याने तपासणी कशी करायची ते शिकवून निघालो. लहान कंप्रेसर आणि एक पाळी असलेल्या फाउंड्र्या त्या दिवशी माझ्या यादीतून गेल्या.

तिसऱ्याने सर्वांत जास्त शिकवले. 41 ठिकाणी लाल टॅग लावून यादी दिली होती. महिन्याने गेलो तर 36 टॅग तसेच लटकत होते. मालक म्हणाले, "साहेब, हवा कुठून जाते ते मला तुमच्याआधीपासून माहीत आहे. ती बंद कोण करणार ते सांगा." मेंटेनन्सचा एकच माणूस होता आणि तो दिवसभर भट्टीच्या कॉइलमागे. मी त्यांना मोजमाप विकत होतो आणि त्यांना हवी होती बंद झालेली गळती. पुढच्या सुट्टीला एक फिटर आणि होज, क्लिप, कपलिंग, वॉशर यांची पेटी घेऊन गेलो. सुटे सामान त्यांच्या खर्चाने, फी 15,000. संध्याकाळपर्यंत 29 टॅग उतरले. या मालकांनी पुढच्या तिमाहीचे पैसे त्याच दिवशी दिले.

आता कार्डावर एकच ओळ राहिली: दोन पाळ्या चालणाऱ्या, 37 किलोवॉट किंवा त्याहून मोठा कंप्रेसर असलेल्या फाउंड्र्यांची हवागळती शोधून बंद करून देणे. व्हीएफडी कंप्रेसर असेल तर हिशेब वेगळा करावा लागतो. तिथे गळती कमी झाली की वेग कमी होतो आणि बचत जवळपास पूर्ण दिसते, पण वेग किमान मर्यादेला टेकला की ती थांबते. अशी एकही फाउंड्री माझ्या पायलटमध्ये नव्हती, म्हणून त्यांना वर्षभर हात लावला नाही.

पहिल्या फाउंड्रीत तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली. गळती 12 वरून 19 टक्क्यांवर गेली होती, आणि त्यातली निम्मी ग्राइंडिंगच्या एकाच ओळीतल्या कपलिंगांतून होती. तिथे पितळीऐवजी पोलादी कपलिंग बसवून आणि होज जमिनीवरून वर टांगून आम्ही चौथ्या महिन्यापासून आकडे टिपायला सुरुवात केली.