फोटोतली पिशवी पुसा, स्कूटर राहू द्या!

फोटोतली नको असलेली वस्तू बोटाने घासून गायब करणे आता कुणालाही जमते. २०२१ मध्ये गुगलच्या पिक्सेल ६ फोनबरोबर ‘मॅजिक इरेजर’ आले, तेव्हा ती ठरावीक फोनची मिरासदारी होती. २०२४ मध्ये गुगल फोटोज वापरणाऱ्या बहुतेकांना ते मोफत मिळाले. सॅमसंगच्या गॅलरीत ‘ऑब्जेक्ट इरेजर’ आहे आणि आयफोनच्या नव्या मॉडेलमध्ये ‘क्लीन अप’. नावे वेगळी असली तरी काम एकच. मात्र हे काम नेमके कोणते, याविषयी बराच गैरसमज आहे. हे साधन मागचे दृश्य ‘उघडे’ करते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते मागे काय असावे याचा अंदाज बांधते आणि तो रंगवून देते. एवढे लक्षात ठेवले, तर ते कुठे वापरावे आणि कुठे हात आवरावा हे आपोआप कळते.

एकाच फोटोतल्या चार अडचणी

समजा, गावाकडच्या जुन्या वाड्यासमोर आजी नऊवारीत उभी आहे. फोटो छान आलाय, पण त्यात चार गोष्टी खटकतात. अंगणात पडलेली प्लास्टिकची पिशवी, आकाशातून कौलांवर गेलेली विजेची तार, आजीच्या खांद्याला चिकटून उभा असलेला अनोळखी माणूस आणि दारासमोर लावलेली स्कूटर.

पिशवी सर्वात सोपी. तिच्या चारही बाजूंना माती आहे आणि माती सगळीकडे साधारण सारखीच दिसते. त्यामुळे फोनचा अंदाज चुकला तरी तो दिसत नाही. फोटो दोन बोटांनी मोठा करा, मग पिशवीवरून बोट फिरवा. अगदी कडेकडेने घासू नका, थोडे बाहेरपर्यंत जाऊ द्या. कडेला रंगाची पुसट रेघ उरली, तर फोन ती खरी समजून नव्या मातीतही तोच रंग मिसळतो आणि पिशवीच्या जागी एक डाग राहतो. पिशवीची सावलीही त्याच वेळी घासा. नाहीतर वस्तू गेली आणि सावली उरली, असा भुताटकीचा प्रकार होतो.

तारेचे दोन भाग करून पाहा. आकाशातला भाग एका फटक्यात जातो. कौलांवरचा भाग मात्र जपून. कौलांच्या ओळी ठरावीक अंतराने येतात आणि आपली नजर अशी रांग मोडलेली लगेच पकडते. लांबलचक एकच रेघ ओढली, तर मधल्या चार-पाच ओळी वितळल्यासारख्या दिसू शकतात. म्हणून एका वेळी एक-दोन कौलांएवढाच तुकडा घासा, निकाल पाहा आणि बिघडला तर तेवढाच मागे घ्या. फरशी, जाळी, ग्रिल, विटांची भिंत, चौकड्यांचे कापड इथेही हेच करायचे.

इथे हात आवरा

तिसरी अडचण खांद्याला चिकटलेल्या माणसाची. त्याचे कोपर आजीच्या पदरावर आले आहे. कोपर पुसले, तर त्याखालचा पदर फोनला नव्याने बनवावा लागतो. काठाची नक्षी, चुण्या, खांद्याचा उतार यातले काहीच त्याने पाहिलेले नसते. परिणामी काठ मध्येच विरतो, खांदा खाली घसरतो, कधी बोट जास्तीचे उगवते. नियम साधा आहे : नकोशी वस्तू आणि आपला माणूस यांच्यात थोडीतरी मोकळी जागा असेल तर पुसा, दोघे एकमेकांना टेकले असतील तर नको. त्यापेक्षा फोटो कडेने कापावा. माणूस एका टोकाला असेल, तर कापणे पुसण्यापेक्षा नेहमीच सरस ठरते, कारण त्यात काहीही खोटे तयार होत नाही.

चौथी स्कूटर. तिने वाड्याचे निम्मे दार, उंबरा आणि ओट्याची एक पायरी झाकली आहे. ती पुसली की फोन दार ‘बनवून’ देतो. ते दार दिसायला ठीकही असेल, पण ते त्या वाड्याचे नसते. चौकटीवरचे कोरीव काम गुळगुळीत फळी होते, दोन पायऱ्यांची एकच होते. वस्तू जेवढी मोठी आणि तिच्यामागे जेवढे वेगवेगळे काही, तेवढा अंदाज फसतो. काच, पाणी आणि आरसा यांतही फसगत ठरलेली. तळ्याकाठचा माणूस जातो, पाण्यातले त्याचे प्रतिबिंब राहते. पाटीवरची अक्षरेही नीट परत येत नाहीत. अक्षरासारख्या वळणांची नुसती खिचडी दिसते.

स्कूटरवर खरा उपाय फोटो काढतानाच करायचा. दोन पावले डावीकडे सरका किंवा स्कूटर हलवायला सांगा. पाच मिनिटांचे काम आहे.

फसले हे ओळखायचे कसे?

छोट्या स्क्रीनवर सगळेच फोटो चांगले दिसतात. म्हणून पुसलेली जागा मोठी करून तीन गोष्टी तपासा. सरळ रेषा, म्हणजे भिंतीची कड, खांब, क्षितिज, मध्येच तुटली का? एकच दगड किंवा पान शेजारी-शेजारी दोनदा आले का? आजूबाजूला बारीक दाणे असताना तेवढाच भाग लोण्यासारखा गुळगुळीत झाला का? रात्रीच्या फोटोत ही तिसरी खूण हमखास सापडते, कारण कमी उजेडात काढलेल्या फोटोत दाणे जास्त असतात आणि नव्याने भरलेल्या भागात ते नसतात. तीनपैकी एक जरी दिसले, तरी बदल मागे घ्या. फोटो मोठा छापून घ्यायचा असेल तर हे तपासणे टाळूच नका. फोनवर लपलेली चूक भिंतीवरच्या फ्रेममध्ये रोज समोर दिसते.

काय पुसायचे, हा प्रश्न यंत्राचा नाही

आता मुद्दा तंत्राच्या पलीकडचा. माझ्या मते एक कसोटी पुरेशी आहे. पाच मिनिटांनी जी गोष्ट तिथून आपसूक गेली असती, ती पुसायला हरकत नाही : पिशवी, वाटसरू, कावळा. जी गोष्ट उद्याही तिथेच असणार, ती पुसण्यापूर्वी हा फोटो कोण आणि कशासाठी पाहणार, हे स्वतःला विचारा. घरच्या अल्बममध्ये विजेची तार नसली तर कुणाचे काही बिघडत नाही. पण तोच वाडा भाड्याने द्यायचा असेल आणि जाहिरातीतल्या फोटोतून छपरावरून गेलेली तार किंवा भिंतीची भेग गायब केली असेल, तर ती सजावट नाही, फसवणूक आहे. जुनी गाडी विकताना पुसलेला ओरखडाही तसाच. विम्याचा दावा, पोलिसांत तक्रार, खड्ड्याची किंवा कामाच्या दर्जाची तक्रार यांसाठीच्या फोटोला तर इरेजर लावूच नये, अगदी कोपऱ्यातल्या पिशवीसाठीही नाही. एक जागा बदललेली आढळली की उरलेल्या खऱ्या फोटोवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

म्हणूनच मूळ फोटो कधीही पुसून टाकू नका. गुगल फोटोजमध्ये बदललेला फोटो वेगळी प्रत म्हणून जपा. आयफोनमध्ये ‘रिव्हर्ट’ करून मूळ फोटो परत आणता येतो, पण फोटो आधीच दुसऱ्याला पाठवला असेल, तर त्याच्याकडे बदललेलीच प्रत राहते. आज अडगळ वाटणारी दारातली स्कूटर वीस वर्षांनी ‘ही आजोबांची होती’ म्हणून घरातलेच कुणी शोधेल. तेव्हा ती कुठल्यातरी प्रतीत शाबूत असायला हवी.