99.9 टक्के समोर, 10 मिनिटं मागे!

परवा इंदापूरला ताईकडे गेलो होतो. उजनीची चिलापी आणलेली. मासे ओट्यावरच साफ केले, मग ताईनं स्प्रेचे दोन फवारे मारले, लगेच फडकं फिरवलं आणि म्हणाली, "झालं बघ, जंतू खल्लास."

मी बाटली उलटी केली. समोर ठळक '99.9 टक्के'. मागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, तेही इंग्रजीत : पृष्ठभाग 10 मिनिटं ओला ठेवा. ताईनं तो 10 सेकंदही ठेवला नव्हता. घड्याळ लावून पुन्हा फवारलं, तर मेच्या उन्हाळ्यात दोन मिनिटांत ओटा कोरडा! औषध वाळलं की त्याचं काम थांबतं. म्हणजे एवढा वेळ ओला ठेवायला पुन्हा पुन्हा फवारावं लागणार. जाहिरातीत मात्र एक हात फिरवला की चकाचक. ही फसवणूक नाही तर काय?

आता आपला ओटा बघा. कडाप्पा हा सच्छिद्र दगड. त्यात जुनी चीर, सांध्यात पीठ, वर फोडणीचा तेलकट थर. औषध त्या थरावरच अडकतं, खालचे जंतू सुखरूप. लाकडी पोळपाटाचंही तेच. आणि बेन्झाल्कोनियम क्लोराईडचं औषध असेल तर साबणाचा अंश राहिला तरी ते निकामी होतं, सुती फडकंही त्यातलं बरंचसं शोषून घेतं.

2020 साली आपण रस्त्यांवर हायपोक्लोराइट फवारत होतो. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, उघड्यावरची फवारणी उपयोगाची नाही, धूळ-घाण औषध निकामी करते. तोच धडा स्वयंपाकघरात आपण विसरलो.

मग करायचं काय? मासे-मटण ओट्यावर नको, स्टीलच्या परातीत साफ करा. ओटा आधी साबणानं घासा, स्वच्छ पाण्यानं पुसा, मगच औषध. लेबलवरचा वेळ भरू द्या आणि शेवटी पाण्यानं पुसून घ्या, तिथंच आपण पोळी लाटतो. रोजच्या ओट्याला तर साबण, पाणी आणि कोरडं फडकं पुरतं.

लाईटच्या बटनांवर थेट फवारा कधीच नको, आत ओल गेली तर शॉर्ट होईल. मेन स्विच बंद करा, फडकं किंचित ओलं करून पुसा, वाळल्यावरच चालू करा. अल्कोहोलचा स्प्रे पेटत्या गॅसजवळ तर अजिबात नको.

माझी मागणी साधी आहे. '99.9' ज्या आकारात छापता, त्याच आकारात, मराठीत, शेजारीच मिनिटं छापा. तोवर बारामती-इंदापूरच्या माझ्या बहिणींनो, दुकानात बाटली हातात घेतली की आधी पाठ वाचा. मिनिटं लिहिलेलीच नसतील तर परत ठेवा.