मैत्रिणी खूप, पण एक

बोरगावला बहिणीकडे गेलो की भाची इंग्रजीची वही घेऊन शेजारी बसते. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि त्यावर ही तिसरी भाषा. या वेळी एका वाक्यावर लाल रेघ होती: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स आर फ्रॉम सौंसर.’ ती म्हणाली, “मामा, फ्रेंड्स तर खूप आहेत. मग ‘आर’ का नाही?”

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, हेच मराठीत सांग. “माझ्या मैत्रिणींपैकी एक सौंसरची आहे.” इथे ‘आहेत’ तिच्या तोंडून आलं नसतं. ‘मैत्रिणींना’ ‘पैकी’ जोडलं गेलं की त्या बाजूला होतात आणि क्रियापद मोकळ्या उरलेल्या ‘एक’कडे वळतं. इंग्रजीत ‘फ्रेंड्स’ शब्दाचं रूप तसंच राहतं, शिवाय तो क्रियापदाला अगदी खेटून असतो, म्हणून कान फसतो. ‘ऑफ’पासून पुढचा तुकडा बोटाने झाकायचा. उरतं ‘वन’, म्हणून ‘इज’.

तिने लगेच पुढचं वाक्य झाकून पाहिलं. विषय घरच्या संत्र्याच्या बागेचा होता: ‘ए नंबर ऑफ ट्रीज हॅव ड्राइड.’ बोट ठेवल्यावर उरलं ‘ए नंबर’, आणि तिने ‘हॅव’ खोडून ‘हॅज’ केलं. आता ते चुकलं. माझी युक्ती इथे चालत नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

कारण ‘ए नंबर ऑफ’मध्ये संख्येबद्दल काहीच सांगायचं नसतं. त्याचा अर्थ ‘बरीच’. बरीच झाडं वाळली. वाळली ती झाडं, म्हणून अनेकवचन, म्हणून ‘हॅव’. ‘द नंबर ऑफ ट्रीज’ म्हटलं की मात्र झाडांची संख्या आली. झाडांना ‘ची’ लागला, ती मागे सरली, आणि कमी झाली ती संख्या: ‘द नंबर ऑफ ट्रीज हॅज फॉलन.’ ‘नंबर ऑफ’च्या जागी ‘बरीच’ घालून वाक्य नीट लागतं का, एवढं बघायचं. ‘बरीच झाडं कमी झाली’ म्हटलं तर अर्थच बदलतो, म्हणजे तिथे ‘संख्या’च हवी.

भल्याभल्यांचा घोटाळा होतो तो याच्या पुढच्या वाक्यात: ‘शी इज वन ऑफ द गर्ल्स हू प्ले कबड्डी.’ पुष्कळ जण इथे ‘वन’ पाहून ‘प्लेज’ लिहितात. मला ‘प्ले’च बरोबर वाटतं. ज्या मुली कबड्डी खेळतात, त्यांपैकी ती एक. खेळतात त्या मुली, आणि ‘हू’ त्यांच्यासाठी आलेला आहे.

“आणि वर्गात ती एकटीच खेळत असली तर?” भाचीने विचारलं. मग ‘द ओन्ली वन ऑफ द गर्ल्स हू’, आणि तिथे ‘प्लेज’. तिने दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि दोन्हींतल्या ‘हू’पासून उलटा बाण काढला, एक ‘गर्ल्स’कडे, एक ‘वन’कडे.